मीटर नापास नाही, रीडिंग चुकलं आहे : वीज वितरण कंपनीला खुले पत्र

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता आणि बिलिंग विभाग,
आमची वीज वितरण कंपनी

विषय : मे महिन्याचे ७०६ युनिटचे बिल रद्द करून योग्य रीडिंगनुसार नवे बिल देण्याबाबत.

महोदय,

याच मजकुराचा रीतसर अर्ज आपल्या कार्यालयात दिला असून त्याच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला आहे. तरीही हे पत्र उघडपणे लिहितो आहे, कारण काउंटरवर जी उत्तरं मिळाली ती मला एकट्याला मिळालेली नाहीत. रांगेत माझ्या पुढच्या बाईंना आणि मागच्या काकांनाही तीच तीन वाक्यं ऐकवली गेली : 'उन्हाळा आहे, एसी चालला असेल', 'मीटर टेस्टिंगचा अर्ज द्या' आणि 'आत्ता भरून टाका, पुढच्या बिलात ॲडजस्ट होईल'. या तिन्ही वाक्यांवर मला बोलायचं आहे. त्याआधी प्रकरण काय आहे ते सांगतो.

माझं घरगुती, सिंगल फेजचं कनेक्शन आहे आणि मंजूर भार ३ किलोवॅट. आपण दर महिन्याच्या ५ तारखेच्या सुमारास रीडिंग घेता. ५ फेब्रुवारीला ते १३,८७१ होतं, ५ मार्चला १४,०१२ आणि ५ एप्रिलला १४,१७६. म्हणजे मार्चच्या बिलात १४१ युनिट, एप्रिलच्या बिलात १६४. इथपर्यंत काहीच तक्रार नाही. ५ मेच्या बिलावर मात्र चालू रीडिंग १४,८८२ छापून आलं, वापर ७०६ युनिट झाला आणि बिल साडेदहा हजारांच्या घरात गेलं. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, याच घरात, याच पंख्यांखाली आणि याच एका एसीवर आमचा वापर १९८ युनिट होता. आपल्याच बिलावरच्या मागील वापराच्या रकान्यात तो आकडा आहे.

बिल हातात पडलं त्या दिवशी, म्हणजे १० मेच्या संध्याकाळी सातच्या सुमारास, मी जिन्याखाली जाऊन मीटरचा फोटो काढला. त्यात रीडिंग आहे १४,४१८.

ही गोष्ट नीट पाहावी. आपल्या नोंदीनुसार ५ मेला मीटर १४,८८२ वर होतं. पाच दिवसांनंतर तेच मीटर १४,४१८ दाखवतं. युनिट मोजणारा हा आकडा फक्त पुढे जातो. घरात वीज वापरली नाही तर तो जागेवर थांबतो, पण मागे येत नाही. मीटर बदललेलंही नाही; आपल्या बिलावरचा मीटर क्रमांक आणि माझ्या फोटोतला क्रमांक एकच आहे आणि सील शाबूत आहे. तेव्हा दोन्ही आकडे खरे असूच शकत नाहीत. त्यातला एक आजही जिन्याखाली जाऊन कोणालाही तपासता येतो. आज, २४ मेच्या संध्याकाळी, तिथे १४,५१६ आहे. दिवसाला सातेक युनिट या आमच्या नेहमीच्या वेगाने ते चाललं आहे, आणि आपण ५ मेला नोंदवलेल्या आकड्यापर्यंत पोचायला त्याला अजून दीड महिना तरी लागेल.

मग १४,८८२ आलं कुठून? माझ्या मते ते १४,३८२ होतं. शंभराच्या जागी ३ ऐवजी ८ वाचला गेला. मीटरच्या पडद्यावर प्रत्येक इंग्रजी आकडा सात छोट्या रेघांनी बनतो. आठाला सातही रेघा लागतात. तिनाला पाच, डाव्या बाजूच्या दोन उभ्या रेघा तेवढ्या बंद असतात. आमच्या मीटरपेटीची पारदर्शक खिडकी उन्हाने पिवळी पडली आहे, आणि तिच्यावर उभे ओरखडे आहेत. सकाळी अकराच्या सुमारास जिन्याच्या जाळीतून ऊन थेट त्या खिडकीवर येतं. तेव्हा बाजूने फोटो काढला की ओरखडे चमकतात आणि तिनाच्या डाव्या बाजूला दोन रेघा असल्यासारखं दिसतं. हे मी करून पाहिलं आहे. मीटरचं बटण दाबत गेलं की एका पडद्यावर मागच्या महिनाअखेरचं साठवलेलं रीडिंग येतं. तो पडदा समोर असताना मी दोन फोटो काढले. एक उन्हात, तिरका, हात लांब करून. दुसरा खिडकी ओल्या फडक्याने पुसून, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल अगदी समोर धरून. पहिल्यात तो आकडा १४,८५४ वाटतो. दुसऱ्यात तो स्वच्छ १४,३५४ आहे. दोन्ही फोटो अर्जाला जोडले आहेत. आपल्या बिलावर छापलेला फोटो पहिल्याच जातीचा आहे. त्यात खिडकीवरची चमक दिसते आणि रीडिंग घेणाऱ्याचं बोट दिसतं. आकडा मात्र ज्याला जो वाचायचा तो वाचावा.

रीडिंग घेणाऱ्या मुलावर माझा राग नाही. भर उन्हात एकामागून एक इमारती करायच्या, कुठे पेटीसमोर स्कूटर लावलेली, कुठे कुत्रं बांधलेलं. अशात एक आकडा चुकला तर समजू शकतो. पण १६४ वरून एकदम ७०६ झाल्यावर कार्यालयात बसलेल्या कोणीतरी तो फोटो मोठा करून पाहायला हवा होता. तेवढ्यासाठीच तर फोटो काढायचा असतो.

आता एक गोष्ट आपण विचाराल त्याआधी मीच सांगतो. ५ मेचा माझा स्वतःचा फोटो नाही. म्हणून १४,३८२ हा आकडा मी दुसऱ्या बाजूने पडताळून पाहिला. मीटरने स्वतः साठवलेलं, १ मेच्या मध्यरात्रीचं रीडिंग १४,३५४ आहे आणि १० मेच्या संध्याकाळचं १४,४१८. या पावणेदहा दिवसांत ६४ युनिट पडले. याच चालीने ५ मेच्या सकाळी अकरा वाजता मीटर १४,३८३ च्या आसपास असायला हवं. अंदाजात आणि माझ्या म्हणण्यात एका युनिटचा फरक येतो. आठाच्या जागी तीन ठेवल्यावर इतकं जुळणारं उत्तर योगायोगाने येत नाही.

तरी कोणी म्हणेल की हे फोटो, हे हिशोब सगळे ग्राहकाचे. ठीक आहे. मग मीटरच्याच पोटातला आणखी एक आकडा घेऊ. बटण दाबत गेल्यावर MD असा एक पडदा येतो. ही महत्तम मागणी, म्हणजे त्या महिन्यात अर्ध्या तासाच्या सरासरीने घरात जास्तीत जास्त किती भार चालला, त्याची नोंद. मे महिना सुरू झाल्यापासून १० मेपर्यंतची आमची नोंद आहे २.१४ किलोवॅट. बहुधा एसी आणि इस्त्री एकत्र चालली ती वेळ. आता आपलं १४,८८२ खरं धरू. मग १ मेच्या मध्यरात्रीपासून ५ मेच्या सकाळी अकरापर्यंत, सुमारे १०७ तासांत, आम्ही ५२८ युनिट जाळले. तेवढे जाळायचे तर रात्रंदिवस, एक मिनिटही न थांबता, जवळपास ४.९ किलोवॅट भार चालवावा लागेल. आणि मीटर म्हणतं, यांच्या घरात २.१४ च्या वर भार कधी गेलाच नाही. त्या कमाल भारावर सलग १०७ तास सगळं चालू ठेवलं असतं तरी २२९ युनिटच्या पुढे मजल गेली नसती. 'एसी चालला असेल' या वाक्याला माझं उत्तर एवढंच. एसी चाललाच, आणि किती चालला तेही मीटरने लिहून ठेवलं आहे.

या पडद्यांचं मोबाइलवरचं छायाचित्र पुरावा म्हणून नको असेल तर आपल्या माणसाला पाठवून एमआरआयने, म्हणजे मीटरमधली नोंद वाचणाऱ्या हातातल्या यंत्राने, मीटरचा डेटा उतरवून घ्या. महिन्याअखेरची साठवलेली रीडिंग आणि MD दोन्ही त्यात येतील, आणि मग माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याचा प्रश्नच उरणार नाही. त्या डेटाची एक प्रत मलाही हवी आहे.

दुसरं वाक्य, मीटर टेस्टिंगचं. हा अर्ज मी देणार नाही, आणि का देणार नाही ते लेखी नोंदवून ठेवतो. टेस्टिंगमध्ये काय होतं? जागेवरच ॲक्यूचेक हे तपासणीचं यंत्र लावून किंवा प्रयोगशाळेत नेऊन पाहतात की मीटर वेगाने पळतं का, मंद चालतं का. माझं मीटर पळतं असं मी कधीच म्हटलेलं नाही. उलट माझी सगळी तक्रार त्याच मीटरच्या भरवशावर उभी आहे. टेस्टिंगचा अर्ज दिला की मी फी भरणार, काही आठवडे जाणार, 'मीटर ओके' असा अहवाल येणार आणि त्या अहवालाच्या आधारे 'बिल बरोबर आहे' असा शेरा मारून तक्रार बंद होणार. पण मीटर ओके असल्याने वाचलेला आकडा ओके ठरत नाही. उद्या तपासणीसाठी मीटर काढून नेलं तर चालू रीडिंग, साठवलेली रीडिंग, सगळा पुरावाच जागेवरून जाईल. रांगेतल्या इतरांनाही मी हेच सांगितलं : आधी आजचं रीडिंग बिलावरच्या रीडिंगपेक्षा कमी आहे का ते पाहा. कमी असेल तर भांडण रीडिंगचं आहे, टेस्टिंगच्या वाटेला जाऊ नका. ते जास्त असेल, पण घरातलं सगळं बंद करून मेन स्विच पाडल्यावरही मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा मात्र मीटर आणि वायरिंग तपासायलाच हवं. माझ्याकडे मेन पाडल्यावर दिवा लुकलुकत नाही.

तिसरं वाक्य सगळ्यात गोड आहे, आणि सगळ्यात महाग. 'आत्ता भरून टाका, पुढे ॲडजस्ट होईल.' वरवर ते बरोबरही वाटतं. मीटर पुढे जात राहणार, आज जास्त मोजलेले ५०० युनिट पुढच्या बिलांत आपोआप कमी मोजले जाणार. युनिटच्या बाबतीत हे खरं आहे. पैशाच्या बाबतीत नाही, कारण घरगुती दर टप्प्यांनी चढतो. दर महिन्याचे पहिले १०० युनिट स्वस्त, ३०० पर्यंतचे महाग, ५०० पर्यंतचे आणखी महाग आणि ५०० च्या वरचे सगळ्यांत महाग. सोपं पडावं म्हणून गोल आकडे धरू : वहन आकारासह या चार टप्प्यांना युनिटमागे ६, ११, १४ आणि १६ रुपये. २०६ युनिटचे होतात १,७६६ रुपये. ७०६ युनिटचे होतात ८,८९६. आता पुढचे तीन महिने आमचा वापर दरमहा २१५ युनिट राहिला असं समजा. सरळ हिशोबाने मेपासून ऑगस्टपर्यंत चार बिलांचे ७,३६१ रुपये झाले असते. आपल्या 'ॲडजस्ट'च्या मार्गाने मेला ८,८९६, जून आणि जुलैला शून्य आणि ऑगस्टला उरलेल्या १४५ युनिटचे १,०९५, म्हणजे ९,९९१ रुपये. युनिट तेवढेच, वीज तेवढीच, आणि २,६३० रुपये जास्त. त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरलं की तीन हजारांच्या वर. जून-जुलैला आमच्या हक्काचे जे स्वस्त १०० युनिट होते ते वाया गेले आणि त्यांच्या बदल्यात मेमध्ये सर्वांत वरच्या टप्प्याचा दर लागला.

शिवाय जून आणि जुलैला शून्य युनिटचं बिल येईल, हेही मी उदारपणे धरलं आहे. प्रत्यक्षात ५ जूनला आपला माणूस येईल तेव्हा मीटर १४,६०० च्या आसपास असेल आणि आपल्या संगणकात मागील रीडिंग १४,८८२. चालू आकडा मागच्यापेक्षा कमी, म्हणजे संगणकाच्या लेखी रीडिंग चूक किंवा मीटर सदोष. मग सरासरीचं बिल लागेल. ती सरासरी शेवटच्या तीन बिलांवरून काढली तर १४१, १६४ आणि ७०६ मिळून ३३७ युनिट. खरी सरासरी आहे १७०. म्हणजे एका चुकलेल्या आकड्याने एक बिल बिघडवलं ते बिघडवलंच, वर पुढच्या प्रत्येक सरासरीत तोच आकडा बसून राहणार. मीटर फॉल्टीचा शेरा एकदा पडला की तो काढून घ्यायला ग्राहकाला किती चपला झिजवाव्या लागतात, ते आपल्या काउंटरवर बसणाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

म्हणून माझी मागणी पैशांची वजावट टाकून मिटवून टाका अशी नाही. बिलातून काही हजार कमी केले आणि संगणकातलं १४,८८२ तसंच ठेवलं तर जूनमध्ये मी पुन्हा याच रांगेत उभा असेन. मे महिन्याचं चालू रीडिंगच १४,३८२ असं दुरुस्त करावं, २०६ युनिटचं नवं बिल द्यावं आणि जूनच्या बिलात मागील रीडिंग म्हणून १४,३८२ दिसावं. हे तिन्ही एकत्र झालं तरच दुरुस्ती झाली असं मी धरेन. वादातल्या रकमेवर विलंब आकार किंवा व्याज लावू नये आणि नव्या बिलाला नवी मुदत द्यावी. ५ मेला रीडिंग घेतानाचा मूळ फोटोही मला पाहायचा आहे. बिलावर छापलेला टिकलीएवढा नको, मोबाइलमधून आपल्याकडे आलेला, वेळेच्या नोंदीसह. माझे मूळ फोटो मी मोबाइलमध्ये जसेच्या तसे ठेवले आहेत. व्हॉट्सॲपवर पाठवले की फोटो बारीक होतो आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती निघून जाते, म्हणून आपल्या साहाय्यकांनी 'नंबरवर टाकून द्या' म्हटलं तेव्हा मी पेनड्राइव्हवर आणि कागदावर असे दोन्ही दिले.

राहता राहिला बिल भरण्याचा प्रश्न. आपल्या खिडकीवर सांगितलं गेलं की पूर्ण रक्कम भरल्याशिवाय तक्रार घेत नाहीत आणि न भरल्यास लाइन कापली जाईल. विद्युत कायदा २००३ चं कलम ५६ असं सांगत नाही. पुरवठा तोडण्याआधी १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस लागते. आणि बिलाबद्दल वाद असेल तर ग्राहकाने निषेध नोंदवून मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरी आकारानुसार येणारी रक्कम, या दोहोंपैकी जी कमी असेल ती भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. माझ्या मागच्या सहा बिलांची सरासरी काढून तेवढी रक्कम मी निषेध नोंदवून भरायला तयार आहे. आपल्या ऑनलाइन व्यवस्थेत ही अर्धवट रक्कम वादातली म्हणून नोंदवण्याची सोय मला सापडली नाही. म्हणून ती मी धनादेशाने, सोबत पत्र जोडून देतो आहे. पावती मिळावी आणि पावतीवर किंवा पत्राच्या प्रतीवर 'निषेधासह' असा उल्लेख असावा.

आपल्याकडून दाद लागली नाही तर याच कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे असलेल्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि नंतर विद्युत लोकपालांकडे जाण्याचा रस्ता मला माहीत आहे. तो धमकी म्हणून सांगत नाही. तिथे गेलो तर फोटो आणि आकडे हेच असतील. आपला आणि माझा वेळ तेवढा जास्त जाईल.

घाई मात्र एका कारणासाठी करावी. आजच्या वेगाने आमचं मीटर १५ जुलैच्या आसपास खरोखरच १४,८८२ वर पोचेल. त्या दिवसानंतर कोणीही येऊन मीटर पाहिलं तर त्याला बिलापेक्षा जास्त आकडा दिसेल आणि तो म्हणेल, बिलात काय चुकलं? आज जी चूक जिन्याखाली वाकून उघड्या डोळ्यांनी दिसते, ती मग फक्त कागदांत उरेल. म्हणून स्थळ पाहणी जूनच्या रीडिंगच्या आधी करावी. येणाऱ्या माणसाने आपल्या मोबाइलवर फोटो काढावा, पंचनाम्यात रीडिंग, MD, मीटर क्रमांक, सीलची स्थिती आणि वेळ लिहावी, आणि माझी सही घेऊन एक प्रत मला द्यावी. मी सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर घरी असतो. मधल्या वेळेत आलात तर पॅसेजची किल्ली तळमजल्यावर वॉचमनकडे आहे, त्याला सांगून ठेवलं आहे. अकराच्या उन्हात यायचं झालं तर खिडकी पुसायला फडकं पेटीच्या वरच ठेवलं आहे.

कळावे,

आपला,
एक घरगुती वीजग्राहक
२४ मे